लाईन आल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

वाशिम जिल्ह्यात रब्बीच्या दिवसांत, हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू असतं तेव्हा, गावाकडच्या फ्रिजला सर्वांत मोठा धोका लाईन गेल्यावर नसतो, ती परत येते तेव्हा असतो. बहुतेक घरांत लोक लाईन गेल्याची काळजी करतात आणि आली की निर्धास्त होतात. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला मात्र परत आलेल्या विजेच्या पहिल्या काही मिनिटांतच इजा होते. स्टॅबिलायझर निवडताना हीच मिनिटं डोळ्यांसमोर ठेवावीत, कारण दुकानात बहुधा फक्त व्होल्टेजची रेंज आणि किंमत यांचीच चर्चा होते.

आधी कॉम्प्रेसरच्या आत काय चाललेलं असतं ते पाहू. फ्रिजच्या मागे खाली काळं, बंद डबड्यासारखं जे दिसतं त्यात मोटर आणि पिस्टन एकत्र असतात. फ्रिज चालू असताना मागच्या गरम जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, गॅसचा दाब खूप चढलेला असतो. आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए हा गॅस असतो. उन्हाळ्यात त्याचा दाब गरम बाजूला हवेच्या दाबाच्या सहा-सातपट असतो, तर फ्रीझरच्या बाजूला तो हवेच्या दाबाहूनही कमी असतो. या दोन बाजूंना जोडणारी कॅपिलरी नावाची तांब्याची नळी आतून एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असते. लाईन गेली की गॅस या नळीतून हळूहळू थंड बाजूला सरकतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. याला साधारण तीन ते पाच मिनिटं लागतात.

दाब सारखा व्हायच्या आत लाईन परत आली, तर पिस्टनला पहिल्याच फेरीत पूर्ण दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. घरगुती फ्रिजची मोटर तेवढ्या ताकदीची बनवलेलीच नसते. ती अडकते, नुसती गुणगुणते आणि चालू असतानापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते.

वाट पाहण्याचं दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही. मोटर सुरू होताना तिच्या स्टार्टिंग वाइंडिंगला क्षणभर वीज देण्यासाठी कॉम्प्रेसरच्या अंगाला पीटीसी रिले लावलेला असतो. त्यात सिरॅमिकची एक छोटी चकती असते. थंड असताना ती वीज सहज जाऊ देते. करंट गेला की ती तापते आणि स्वतःच वाट अडवते. फ्रिज चालू असेपर्यंत ती तापलेलीच राहते. लाईन गेल्यावर तिला थंड व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर स्टार्टिंग वाइंडिंगपर्यंत ती पोचतच नाही, आणि मग दाब कमी असला तरी मोटर फिरत नाही.

हे सगळं कानाला कळतं. लाईन येताच फ्रिजमागे जाऊन उभं राहिलं तर आधी ‘हंऽऽ’ असा जड आवाज येतो, काही सेकंदांनी ‘टक्’ होतं आणि सगळं शांत होतं. ते ‘टक्’ ओव्हरलोडचं असतं. करंट वाढल्यामुळे त्यातली धातूची चकती तापून वाकते आणि मोटरची वीज तोडते. ती निवली की पुन्हा जोडते, पुन्हा ‘हंऽऽ’, पुन्हा ‘टक्’. एकदोनदा असं होऊन फ्रिज सुरू झाला तर बिघडलेलं काही नाही. पण हाच आवाज दर वेळी, रोज, लाईन येताच ऐकू येत असेल, तर वाइंडिंगवरचं वार्निश प्रत्येक वेळी थोडं थोडं भाजलं जात आहे. कॉम्प्रेसर एका दिवसात जळत नाही, असे शेकडो प्रयत्न साठून जळतो.

आता लाईनकडे येऊ. शेतीच्या पंपांना दिवसातले काही ठरावीक तासच थ्री-फेज वीज मिळते. रात्रीची पाळी असली की प्रत्येक वेळी विहिरीवर जाणं कठीण, म्हणून अनेक शेतकरी पंपाला ऑटोस्विच लावतात. लाईन आली की पंप आपोआप सुरू होतो. एका डीपीवरच्या दहा-पंधरा पंपांना ऑटोस्विच असेल तर ते सगळे एकाच क्षणी उठतात आणि उठताना नेहमीच्या कितीतरी पट करंट मागतात. त्या वेळी व्होल्टेज खाली कोसळतं. ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगते ते यासाठीच, कारण या धक्क्याने डीपी जळतात. गावठाणाची लाईन शेतीपासून वेगळी केलेली असेल तिथे हा त्रास कमी होतो. मळ्यात राहणाऱ्यांना आणि लाईनच्या शेवटच्या टोकाला घर असणाऱ्यांना तो पूर्ण सोसावा लागतो.

म्हणजे ज्या मिनिटांत कॉम्प्रेसर सुरू व्हायला सर्वांत नाखूश असतो, त्याच मिनिटांत लाईनही सर्वांत अशक्त असते. मोटरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर ताकद पाऊण राहत नाही, निम्म्याहून जेमतेम थोडी जास्त उरते, सुमारे ५५ टक्के.

एक उदाहरण आकड्यांत मांडू. मालेगाव तालुक्यातलं मळ्यातलं एक घर धरा. फ्रिज १९० लिटरचा, एका दाराचा. चालू असताना तो एक अँपियरहून कमी करंट घेतो, पण सुरू होताना क्षणभर सात अँपियरपर्यंत ओढतो. डीपी लांब, तार बारीक, म्हणून डीपीपासून घरापर्यंतचा रोध तीन ओहम धरू. मल्टिमीटरवर फ्रिज बंद असताना १८० व्होल्ट दिसतात, आणि चालेल असं वाटतं. पण फ्रिज उठताना सात अँपियर गुणिले तीन ओहम, म्हणजे २१ व्होल्ट तारेतच गळतात. कॉम्प्रेसरच्या हाती १५९ येतात आणि ताकद निम्म्याखाली जाते. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते फ्रिजच्या शेजारच्याच प्लगवर, पंप चालू असण्याच्या वेळेला, आणि फ्रिज सुरू होतो त्या क्षणी काटा किती खाली जातो ते पाहून. पंप बंद असताना मोजलेला आकडा इथे उपयोगाचा नाही.

आता याच घरात २० टक्के वाढवणारा स्टॅबिलायझर लावला. त्याच्या आत एक ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला वेगवेगळ्या ठिकाणी टॅप काढलेले असतात आणि रिले गरजेप्रमाणे टॅप बदलतो. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. व्होल्टेज वाढवून दिलं तर तेवढ्याच पटीत तो लाईनकडून जास्त करंट घेतो. सातऐवजी ८.४ अँपियर, म्हणजे तारेत २५ व्होल्ट गळणार. आत येणार १५५, बाहेर पडणार १८६. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे. ताकद ४८ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर गेली, आणि दाब सारखा झालेला असेल तर एवढ्यात फ्रिज उठतो. दाब चढलेला असेल तर ६५ टक्केही पुरत नाहीत. म्हणून अशा घरात व्होल्टेज वाढवण्याइतकंच महत्त्व थांबून सुरू करण्याला आहे.

थांबण्याची ही सोय म्हणजे टाइम डिले. लाईन आल्यावर स्टॅबिलायझर बाहेरची वीज साधारण तीन मिनिटं रोखून धरतो आणि मग सोडतो. मध्येच लाईन झपकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तसं व्हायलाच हवं. टीव्हीसाठीच्या स्टॅबिलायझरमध्ये हा डिले काही सेकंदांचाच असतो, म्हणून तो फ्रिजला लावू नये. काही मॉडेलांत लाईन बराच वेळ गेलेली असेल तर डिले आपोआप वगळला जातो, कारण दाब तोवर सारखा झालेला असतो. शहरात ते ठीक आहे. ऑटोस्विचचे पंप असलेल्या लाईनवर मी तरी ठरावीक डिलेचंच मॉडेल घ्यायला सांगेन, कारण त्या तीन मिनिटांत पंप उठून स्थिरावतात आणि व्होल्टेज थोडं सावरतं. दुकानात खात्री करणं सोपं आहे. स्टॅबिलायझरच्या बाहेरच्या सॉकेटला बल्ब लावायला सांगा, स्विच बंद करून लगेच चालू करा आणि बल्ब किती वेळाने पेटतो ते घड्याळात पाहा.

रेंजच्या बाबतीत जास्त रुंद म्हणजे जास्त चांगलं असं नाही. ९० व्होल्टपासून चालणारं मॉडेल आकर्षक वाटतं, पण ९० चे २०० करताना लाईनचा करंट दुपटीहून जास्त होतो, आणि तोच करंट सहन न होणारी तार तुमच्या घरापर्यंत आलेली असते. तुमच्या मोजणीत सर्वांत खालचा आकडा १५० असेल तर १३० पासूनची रेंज पुरते. क्षमतेसाठी पाटीवर किती लिटरच्या फ्रिजसाठी आहे ते लिहिलेलं असतं. कमी व्होल्टेजच्या गावात त्याच्या एक पायरी वरचं घ्या, आणि त्यावर फ्रिजशिवाय दुसरं काही जोडू नका.

वरच्या बाजूचा हाय-कट मात्र नक्की असावा. खांबावरचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की एखाद्या घरात व्होल्टेज ३०० च्या पुढे, ४०० च्या जवळपासही जाऊ शकतं. हाय-कट अशा वेळी बाहेरची वीज तोडतो. त्या वेळी बल्ब अचानक पांढरेशुभ्र तळपतात, पंखे जोरात फिरतात. दिसताक्षणी मेन स्विच पाडा. विजांच्या कडकडाटात मात्र कुठलाच स्टॅबिलायझर भरवशाचा नाही, तेव्हा प्लगच काढलेला बरा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा नवा फ्रिज असेल तर गणित बदलतं. तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीला करंटचा धक्का देत नाही आणि थांबण्याची वेळही स्वतःच पाळतो. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं जे लिहिलेलं असतं ते त्याच्या दिलेल्या व्होल्टेज रेंजपुरतंच खरं आहे. न्यूट्रल तुटल्यावर त्याचं सर्किट बोर्ड जळू शकतं, आणि बोर्डचा खर्च कमी नसतो. जिथे न्यूट्रलच्या तक्रारी असतात तिथे त्यालाही हाय-कट द्यावा.

स्टॅबिलायझर नसलेल्या घरात हेच काम हाताने करता येतं. लाईन गेली की फ्रिजचा स्विच बंद करा, आणि आली की घरातला दिवा न झपकता पाच मिनिटं जळू द्या, मगच चालू करा. तोवर दार उघडू नका. दार बंद राहिलं तर आतला माल साधारण चार तास टिकतो, एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याहून कमी धरा. प्राथमिक आरोग्य केंद्रांत लसी २ ते ८ अंशांत ठेवणाऱ्या आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटरना स्टॅबिलायझर जोडलेला असतो, आणि तिथेही लाईन गेल्यावरचा पहिला नियम झाकण न उघडण्याचाच आहे.

एक लक्षण असं आहे की ते दिसलं तर नवा स्टॅबिलायझर घेऊन उपयोग नाही. डिले संपतो, फ्रिज सुरू होतो, त्याच क्षणी व्होल्टेज रेंजखाली पडून स्टॅबिलायझर बंद होतो, पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा तेच. तिथे दोष खांबापासून घरापर्यंतच्या तारेत, सैल जोडात किंवा एकाच फेजवर जास्त घरं टाकण्यात असतो. महावितरणने घरगुती ग्राहकाला २३० व्होल्टच्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टदरम्यान वीज देणं अपेक्षित आहे. दोन-तीन दिवस संध्याकाळचे आकडे वेळेसह लिहून ठेवा, १९१२ वर तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक घ्या आणि तो कागद लाईनमनला दाखवा. जोड आवळणं किंवा घर दुसऱ्या फेजवर घेणं हे थोड्या वेळाचं काम असतं, आणि त्यानंतर पुष्कळदा तोच जुना स्टॅबिलायझर पुरतो.