अँड्रॉइडवरील खेळात साइन-इन न होणे

अँड्रॉइड फोनवरील एखादा खेळ उघडल्यावर खेळाडूचे गूगल खाते त्यास जोडले न जाणे, म्हणजेच साइन-इन अयशस्वी होणे, ही एक सामान्य तांत्रिक अडचण आहे. तिचे मूळ बहुधा खेळात नसून फोनमधील गूगल प्ले गेम्स हे ॲप, गूगल प्ले सर्व्हिसेस ही सेवा किंवा खात्याचे सिंक यांपैकी एखादा घटक जुना अथवा बंद असण्यात असते. खेळाडूने मिळवलेले टप्पे, गुण व जतन केलेली प्रगती या खात्याशी बांधलेली असल्याने, चुकीचा उपाय केल्यास अनेक महिन्यांची प्रगती कायमची नाहीशी होऊ शकते.

साइन-इनची साखळी

खेळ स्वतः खेळाडूचा पासवर्ड विचारत नाही. तो हे काम गूगल प्ले सर्व्हिसेसकडे सोपवतो. ही सेवा फोनवर पार्श्वभूमीत चालते आणि तिचे अंतर्गत नाव `com.google.android.gms` असे आहे. फोनमध्ये नोंदवलेल्या गूगल खात्याच्या आधारे ती गूगलच्या सर्व्हरकडून एक तात्पुरता परवाना मिळवते. त्यास टोकन म्हणतात. प्ले गेम्स हे ॲप (`com.google.android.play.games`) खेळाडूचे टोपणनाव व त्याची कामगिरी सांभाळते, तसेच कोणत्या खेळासाठी कोणते खाते वापरायचे हे ठरवते. प्ले गेम्सची सुरुवात २०१३ साली झाली. आरंभी त्यासाठी गूगल प्लस खाते लागत असे. २०१६ मध्ये ही अट काढून खेळाडूंना स्वतंत्र ओळखनाव देण्यात आले.

खेळ तयार करताना प्ले सर्व्हिसेसची किमान कोणती आवृत्ती लागेल हे निश्चित झालेले असते. खेळ अद्ययावत झाला व सेवा मागे राहिली, तर खेळाला पुढील संकेत मिळतो:

```
SERVICE_VERSION_UPDATE_REQUIRED (2)
```

काही खेळ हा संकेत सेवा अद्ययावत करण्याच्या स्पष्ट सूचनेच्या रूपात दाखवतात. काही खेळ मात्र केवळ साइन-इन अयशस्वी झाल्याचे सांगतात, आणि मग खेळाडूचा संशय नेटवर्कवर किंवा पासवर्डवर जातो.

सेवा मागे राहण्याची कारणे

प्ले स्टोअरमध्ये ॲप केवळ वाय-फायवर आपोआप अद्ययावत करण्याचा पर्याय असतो. तो निवडलेला असला आणि घरात फक्त मोबाइल डेटा असला, तर ॲप अनेक महिने जुनेच राहू शकतात. फोनची साठवण भरलेली असल्यासही अद्ययावतीकरण अडते.

खाते सिंकचे कारण वेगळे आहे. बॅटरी किंवा डेटा वाचवण्यासाठी सिंक बंद केलेले असल्यास खात्याची माहिती सर्व्हरशी जुळत नाही. दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलल्यास जुने टोकन रद्द होऊ शकते आणि खात्याबाबत कृती आवश्यक असल्याची सूचना फोनवर येते. ती दुर्लक्षित राहिली, तर सेवा अद्ययावत असूनही साइन-इन होत नाही.

दोष कोठे आहे हे ओळखणे

प्रथम प्ले गेम्सशी जोडलेला दुसरा एखादा खेळ त्याच फोनवर उघडून पाहावा. तोही अडला तर दोष फोनमधील सेवेत किंवा खात्यात आहे. तो व्यवस्थित चालला तर दोष पहिल्या खेळात किंवा त्या खेळासाठी निवडलेल्या खात्यात आहे.

यानंतर सेटिंग्जमधील ॲपच्या यादीत गूगल प्ले सर्व्हिसेस उघडून आवृत्तीचा क्रमांक पाहावा. अलीकडील क्रमांकाचा पहिला भाग वर्ष दर्शवतो. उदाहरणार्थ, `23.30` ने सुरू होणारी आवृत्ती २०२३ सालची आहे. संगणकाला फोन जोडून हाच क्रमांक पुढील आज्ञेने मिळतो:

```
adb shell "dumpsys package com.google.android.gms | grep versionName"
```

दोन क्रमांक दिसल्यास त्यांतील जुना क्रमांक फोनसोबत आलेल्या मूळ आवृत्तीचा असतो.

उदाहरण

धाराशिव जिल्ह्यातील उमरगा येथील एका विद्यार्थ्याला घरातील जुना फोन मिळाला, असे समजू. घरी वाय-फाय नाही. खेळ त्याने मोबाइल डेटावर नव्याने घेतला, पण साइन-इन होत नाही. दुसरा खेळही अडतो. प्ले सर्व्हिसेसचा क्रमांक दोन वर्षांपूर्वीचा दिसतो. म्हणजे खेळ नवा आणि सेवा जुनी अशी ही स्थिती आहे.

येथे प्रथम फोनची तारीख व वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करावा, कारण घड्याळ चुकीचे असल्यास सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. मग साठवणीत पुरेशी जागा करावी. सेवेच्या माहितीच्या पानावरील ॲप तपशिलातून प्ले स्टोअरचे पान उघडून सेवा अद्ययावत करावी, त्यानंतर प्ले गेम्स अद्ययावत करावे व फोन पुन्हा सुरू करावा. पुढे सेटिंग्जमधील खाती या विभागात गूगल खाते निवडून सिंक चालू करावे. अखेरीस प्ले गेम्सच्या सेटिंग्जमध्ये खेळात आपोआप साइन-इन होण्याचा पर्याय चालू आहे ना, आणि खेळासाठी निवडलेले खाते विद्यार्थ्याचेच आहे ना, हे तपासावे. हस्तांतरित फोनमध्ये पूर्वीच्या वापरकर्त्याचे खाते निवडलेले राहू शकते. अशा वेळी साइन-इन यशस्वी होते, परंतु प्रगती दुसऱ्याचीच दिसते.

घ्यावयाची काळजी

एवढ्याने काम न झाल्यास प्ले गेम्स व प्ले सर्व्हिसेस यांचा कॅश पुसता येतो. त्याने खेळाडूची माहिती जात नाही. डेटा पुसणे ही मात्र निराळी कृती आहे. खेळाचा स्वतःचा डेटा पुसला किंवा खेळ काढून पुन्हा घेतला, तर खात्याशी न जोडलेली, केवळ फोनवर असलेली प्रगती परत मिळत नाही. पाहुणा म्हणून खेळणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक असतो. साइन-इन होत नसताना खेळलेला भागही सर्व्हरवर पोहोचलेला नसण्याची शक्यता असते. म्हणून खेळाच्या डेटाला सर्वांत शेवटी हात लावावा.

फोनमधून गूगल खाते काढून पुन्हा जोडल्यास नवे टोकन मिळते. तत्पूर्वी पासवर्ड ठाऊक असल्याची खात्री करावी आणि संपर्कांचे सिंक पूर्ण होऊ द्यावे, अन्यथा सिंक न झालेले संपर्क गमावले जाऊ शकतात.

मर्यादा

प्रत्येक जुना फोन या उपायांनी दुरुस्त होत नाही. अँड्रॉइड ४.४ म्हणजे किटकॅट प्रणालीसाठी गूगलने २०२३ मध्ये प्ले सर्व्हिसेसचे अद्ययावतीकरण थांबवले. अशा फोनवर `23.30.99` च्या पुढील आवृत्ती मिळत नाही. त्याहून नवी सेवा मागणारा खेळ तेथे साइन-इन करू शकत नाही, आणि तेच खाते नव्या फोनवर वापरणे हाच मार्ग उरतो. अँड्रॉइड २.३.७ व त्यापूर्वीच्या प्रणालींवर तर २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगल खात्यात साइन-इन करणेच बंद झाले आहे.

दुसरी मर्यादा खेळाच्या प्रतीची आहे. निर्मात्याने खेळाच्या प्रतीवर केलेली डिजिटल स्वाक्षरी गूगलकडे नोंदवलेल्या ठशाशी जुळावी लागते. प्ले स्टोअरबाहेरून मिळवलेल्या, बदल केलेल्या प्रतीवर वेगळी स्वाक्षरी असते. त्यामुळे तेथे साइन-इन नाकारले जाते व सेवा अद्ययावत करूनही फरक पडत नाही. मूळ प्रतीतही निर्मात्याने ही नोंद चुकीची केली असल्यास हाच परिणाम दिसतो. तेव्हा दुरुस्ती निर्मात्यालाच करावी लागते.