ऐकू येतं, पण कळत नाही

वय वाढल्यावर ऐकणं मंदावलं की ज्येष्ठांची एक तक्रार हमखास असते: आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. आतल्या कानातल्या पेशी झिजू लागल्या की आधी उंच पट्टीतले आवाज जातात. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दमदार, म्हणून ते पोचतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी हलकी व्यंजनं हरवतात. अशा माणसाशी ओरडून बोललं तर स्वर तेवढे आणखी मोठे होतात, आणि ऐकणारा वैतागतो.

अँड्रॉइड फोनमधलं साउंड अँप्लिफायर इथे उपयोगी पडतं. फोनचा माइक आवाज टिपतो, हळू आवाज उचलतो, मोठे आवाज फारसे वाढवत नाही, आणि ते हेडफोनमधून कानात सोडतो. डाव्या-उजव्या कानासाठी वेगळी जुळणीही करता येते. आयफोनवर असंच काम लाइव्ह लिसन करतं. दोन्हींत खरी किमया अंतराची असते. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, गोंगाट मात्र तेवढाच राहतो. म्हणून फोन खिशात नको, बोलणाऱ्याच्या पुढ्यात हवा. ब्लूटूथमुळे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, असं होत असेल तर वायरचा हेडफोन बरा.

मोठा करूनही शब्द उमगत नसेल, तर वाचावा. गुगलने 2019 साली आणलेलं लाइव्ह ट्रान्स्क्राइब समोरचं बोलणं पडद्यावर लिहून दाखवतं, मराठीतसुद्धा. ते घडवण्यात दिमित्री कानेव्हस्की हे स्वतः लहानपणापासून ऐकू न येणारे संशोधक होते.

समजा, आजोबा दवाखान्यात आहेत. फोन डॉक्टरांच्या टेबलावर, भाषा मराठी, जोडीला दुसरी भाषा इंग्रजी. डॉक्टर म्हणतात, ‘ही गोळी जेवणानंतर, सतरा तारखेपर्यंत.’ वाक्य सरसर उमटतं. पण पंख्याची घरघर असेल आणि पलीकडे नातू बोलत असेल, तर दोघांचे शब्द एकमेकांत मिसळतात, ‘सतरा’चं ‘सत्तर’ होऊ शकतं आणि औषधाचं नाव तर हटकून बिघडतं. पडद्यावरचं वर्तुळ गोंगाटाच्या मानाने बोलणं किती स्पष्ट पोचतंय ते दाखवतं. फरक कमी दिसला की फोन आणखी पुढे सरकवावा. नेहमीच्या औषधांची नावं सेटिंग्जमध्ये आधीच भरून ठेवता येतात. तरीही आकडा आणि औषध डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावंच. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर फोनच्या नादी न लागता त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठावेत.

लाइव्ह कॅप्शन मात्र निराळं: ते फोनमध्येच वाजणाऱ्या व्हिडिओचं किंवा व्हॉइस मेसेजचं बोलणं लिहितं. बऱ्याच फोनांवर आवाजाचं बटण दाबल्यावर खाली त्याची खूण दिसते. त्यातल्या भाषा मोजक्याच असतात. यादीत मराठी नसेल, तर मुलीचा व्हॉइस मेसेज एका फोनच्या स्पीकरवर वाजवावा आणि शेजारच्या फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइब लावावं.