नावाची पाटी कोरण्याआधी

दारावरची नावाची पाटी आता घरबसल्या मागवता येते. लाकूड किंवा ॲक्रिलिक निवडायचे, नाव टाइप करायचे, पैसे भरायचे. लेझर मशीन घेऊन घरातून हा व्यवसाय करणारे अनेकजण आहेत आणि त्यांची खरी परीक्षा कोरीव कामाच्या आधी होते. चुकलेला कुर्ता दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता येतो. ‘कऱ्हाडे’ असे कोरलेली पाटी कऱ्हाड्यांनी नाकारली, तर ती कुणालाच विकता येत नाही. म्हणून विक्रेता जाहिरातीखाली ठळक अक्षरांत लिहितो, ‘परत घेतले जाणार नाही.’ पण मजकूर कसा घ्यायचा आणि नमुना कसा मंजूर करून घ्यायचा, हे नीट ठरवले नसेल तर ही ओळ गिऱ्हाइकावर अन्याय करते आणि विक्रेत्यालाही वाचवत नाही.

एक ऑर्डर घेऊ. बारा बाय सहा इंचांची सागवानी पाटी, किंमत समजा 1,800 रुपये. विक्रीच्या पानावर ‘तुमचा मजकूर’ अशी एकच चौकट आहे. गिऱ्हाईक त्यात लिहिते, ‘अनघा निखिल कऱ्हाडे बी 404 खाली गणपती’. आता ‘अनघा निखिल कऱ्हाडे’ हे एकाच बाईचे पूर्ण नाव आहे, की अनघा आणि निखिल अशी दोन नावे हवी आहेत? मराठी नावाच्या रचनेत दोन्ही अर्थ बसतात. ‘गणपती’ हा शब्द कोरायचा, की चित्र? विक्रेत्याने अंदाज केला तर तो निम्म्या वेळा चुकेल.

म्हणून चौकटी वेगळ्या करायच्या: आडनाव, पहिले नाव, दुसरे नाव, घर क्रमांक. चित्रासाठी टाइप करायला न लावता निवडीची यादी द्यायची आणि तिच्यात ‘चित्र नको’ हाही पर्याय ठेवायचा. कोणती चौकट रिकामी सोडली तरी चालेल, तेही लिहायचे. प्रत्येक चौकटीशेजारी भरलेले उदाहरण हवे, कारण लोक सूचना वाचण्याआधी उदाहरण बघतात. वर एक वाक्य: ‘तुम्ही लिहाल तसेच कोरले जाईल. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरे आणि श्री, सौ., डॉ. यांसकट आम्ही काहीही बदलत नाही. शंका आली तर विचारू.’ ‘किर्ती’ असे नाव लिहिणारी घरे आहेत. ते परस्पर ‘कीर्ती’ करणे ही सुधारणा नव्हे, ती चूकच.

अक्षरांची मर्यादा मराठीत फसवी असते. ‘क्षीरसागर’ आपण वाचतो तेव्हा अक्षरे पाच. संगणक मात्र क, हलन्त, ष, वेलांटी असे सुटे मोजून नऊ धरतो. ‘जास्तीत जास्त आठ अक्षरे’ असे सांगणाऱ्या चौकटीत हे आडनाव बसणारच नाही आणि क्षीरसागरांना कळणार नाही की का. विक्री-प्रणालीत मर्यादा सैल ठेवावी आणि शेजारी लिहावे की लांब नाव आले तर अक्षरांचा आकार थोडा लहान होईल. किती लहान, ते नमुन्यात दिसेलच.

हा नमुना म्हणजे पाटी कशी दिसेल याचे चित्र. ते कोरण्याआधी गिऱ्हाइकाला पाठवायचे असते. इथली सर्वांत महागडी चूक अशी की नमुना एका फाइलमधून काढतात आणि कोरीव कामासाठी मजकूर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा टाकतात. देवनागरी नीट न सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘निखिल’ची पहिली वेलांटी ‘न’च्या मागे जाऊन बसते, जोडाक्षर सुटून हलन्त दिसू लागतो, ‘कऱ्हाडे’चा अर्धा र रफार होऊन ‘कर्हाडे’ होते. गिऱ्हाइकाने मंजूर केलेला नमुना बिनचूक होता. बिघाड नंतर झाला. यावर उपाय सरळ आहे. मजकुराचे आधी रेषाचित्र करायचे. इंकस्केपमध्ये त्यासाठी `Object to Path` आणि कोरलड्रॉमध्ये `Convert to Curves` ही आज्ञा आहे. मग त्याच फाइलचे चित्र गिऱ्हाइकाला पाठवायचे. त्यानंतर फॉन्ट बदलण्याचा किंवा अक्षर मोडण्याचा प्रश्न उरत नाही.

नमुन्यावर ऑर्डर क्रमांक, मापे आणि ‘आवृत्ती 1’ असे लिहावे. आपल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या आवृत्तीत ‘बी-404’चा आकार वाढवून मागितला आणि मग पहिल्या चित्राखालीच ‘छान’ लिहिले, तर मंजुरी कशाला मिळाली? अंगठ्याचे चिन्हही मंजुरी मानू नये. बरेचजण ते ‘मिळाले’ एवढ्याच अर्थाने पाठवतात. गिऱ्हाइकाकडून एक वाक्य लिहून घ्यावे: ‘आवृत्ती 2 मंजूर. नावे, घर क्रमांक आणि चित्र तपासले.’ शक्य तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते दाखवा, अशी विनंतीही करावी. स्वतः टाइप केलेल्या नावातली चूक स्वतःच्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

उत्तरच आले नाही तर? ‘48 तासांत उत्तर न आल्यास मंजूर समजू’ अशी अट काही ठिकाणी दिसते. ती मला मान्य नाही. गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे. त्याऐवजी तयारीचे दिवस मंजुरीपासून मोजले जातील, असे विक्रीच्या पानावरच सांगावे. दोन बदल मोफत, तिसऱ्यापासून शुल्क, हेही तिथेच. मग उशीर गिऱ्हाइकाच्या हातात राहतो आणि विक्रेत्यावर घाई करण्याचा दबाव येत नाही.

आता परतीची अट. भारतात ‘परत नाही’ एवढे लिहून विक्रेता मोकळा होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरली जाते. ई-कॉमर्सचे 2020 चे नियम सांगतात की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा, ठरल्यापेक्षा वेगळा असेल, तर तो परत घेणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. मंजूर नमुना हेच ‘ठरलेले’. म्हणजे तो नमुना गिऱ्हाइकाइतकाच विक्रेत्यालाही बांधतो.

म्हणून अट तुकड्यांत लिहावी. मंजुरीआधी ऑर्डर रद्द केली तर पूर्ण पैसे परत. मंजुरीनंतर मन बदलले, किंवा मंजूर नमुन्यातच नाव चुकलेले निघाले, तर परत नाही. मात्र नवी पाटी सवलतीत करून मिळेल. पाटी नमुन्यापेक्षा वेगळी आली, तडकलेली आली, तर विक्रेत्याच्या खर्चाने बदल किंवा पैसे परत. लाकडाच्या रेषा आणि छटा प्रत्येक तुकड्यात निराळ्या असतात, हे विकण्याआधीच सांगावे आणि फोटोही दोन-तीन निरनिराळ्या तुकड्यांचे लावावेत. एकाच देखण्या तुकड्याचा फोटो लावून नंतर ‘छटा वेगळी असू शकते’ म्हणणे बरोबर नाही.

ही अट पानाच्या तळाशी दडवू नये. ती पैसे भरण्याच्या बटणाच्या वर हवी, शेजारी टिचकीची रिकामी चौकट हवी. आधीच खूण केलेल्या चौकटीतून संमती नोंदवायला 2020 च्या नियमांत मनाई आहे. मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर विकत असाल तर तिथली परतीची सोय तुमच्या मजकुरावर मात करते. तेव्हा माल यादीत टाकतानाच तो ‘गिऱ्हाइकाच्या मजकुरानुसार बनवलेला’ या प्रकारात नोंदवता येतो का, ते आधी पाहावे. तसे जमत नसेल तर अशा पाट्या तिथे न विकलेल्या बऱ्या. घरपोच पैसे घेण्याची सोयही या मालाला बंद ठेवावी, कारण दारात नाकारलेली पाटी परत येते ती फक्त जळणाच्या कामाची.