रक्कम आधी, आभार नंतर

नाशिकमधल्या एका इंटिरियर डिझायनरचं उदाहरण घेऊ. काम ६०,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये, म्हणजे बिल ७०,८०० रुपयांचं. सोबतचा ईमेल असा सुरू होतो: ‘सप्रेम नमस्कार. आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे. आपल्या कार्यालयाचं काम करण्याची संधी दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार…’ पुढे कामाचा आढावा येतो, मग दिवाळीत झालेल्या उशिराचा खुलासा. रक्कम चौथ्या परिच्छेदात, मुदत त्याच्याही खाली. पेमेंट लिंक सहीनंतर.

हा मजकूर वाईट नाही. तो चुकीच्या माणसाकडे जातो. काम देणारे मालक तो आपुलकीने वाचतात आणि अकाउंट्सकडे फॉरवर्ड करतात. तिथल्या माणसाला किती, कधीपर्यंत आणि कुठे, एवढंच हवं असतं. मोबाइलच्या इनबॉक्समध्ये विषयाखाली मजकुराची एखाद-दुसरी ओळच दिसते. ती जागा कुशलमंगल विचारण्यात गेली, तर मेल ‘नंतर बघू’मध्ये पडतो.

आटोपशीर मेल असा होईल:

विषय: बिल क्र. ४१ – ६४,८०० रु. – मुदत २० जून

‘नमस्कार. बिल क्र. ४१ चे ६४,८०० रुपये २० जूनपर्यंत द्यावेत. पेमेंट लिंक: (इथे लिंक). बिल ७०,८०० रुपयांचे असून त्यातून ६,००० रुपये टीडीएस वजा धरला आहे. बँक खाते पूर्वीचेच आहे. बिल सोबत जोडले आहे. कामाची संधी दिल्याबद्दल आभार.’

आभार राहिले आहेत, फक्त शेवटी गेले. आढावा हवाच असेल तर तो वेगळ्या मेलमध्ये जावा.

यातली सर्वांत मोलाची ओळ टीडीएसची. अशा व्यावसायिक सेवेवर ग्राहक कंपनी साधारणपणे १० टक्के कापते, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर ती कपात मूळ ६०,००० वर होते. मेलमध्ये ७०,८०० लिहून त्याच रकमेची लिंक पाठवली, तर अकाउंटंटला ती वापरताच येत नाही. तो फोन करतो किंवा बिल बाजूला ठेवतो. म्हणून कपातीचा आकडा आधी विचारून घ्यावा आणि लिंक नेमक्या देय रकमेची बनवावी.

लिंकचंही एक पथ्य आहे. `upi://` ने सुरू होणारी लिंक मोबाइलवरच्या यूपीआय अ‍ॅपसाठी असते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती सहसा उघडत नाही. तिथे `https://` ची लिंक द्यावी आणि तिची वैधता मुदतीच्या आधी संपत नाही ना, हे पाहावं. ‘खाते पूर्वीचेच’ ही ओळही अनाठायी नाही. खातं बदलल्याचे बनावट मेल पाठवून पैसे लाटले जातात, त्यामुळे जाणते अकाउंटंट खाते क्रमांक जुन्या नोंदीशी ताडून पाहतात.

मुदत लिहिताना ‘१५ दिवसांत’ असं मोघम लिहू नये. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे की मेल मिळाल्यापासून, हा वाद तिथूनच सुरू होतो. ‘२० जून’ असंच लिहावं.