रविवारच्या अनारशांसाठी आधीच्या रविवारी तांदूळ

दिवाळीच्या तोंडावर सोसायटीत लिफ्टशेजारी एक कागद लागतो. ‘नोकरदार महिलांसाठी फराळ कार्यशाळा. यंदा अनारसे. येत्या रविवारी नव्हे, त्यापुढच्या रविवारी दुपारी तीनला, क्लबहाऊसमध्ये. येताना अनारशाचं तयार पीठ, खसखस, वाटीभर तूप, झारा, चाळणी आणि डबा आणावा.’ पहिला जिन्नस वाचूनच काही जणी थबकतात. पीठ घरून न्यायचं, तर शिकायचं काय?

लाडू-चिवड्याचं एका दुपारी जमतं, अनारशांचं नाही. म्हणून यादीखाली वेळापत्रकही असतं. पहिल्या रविवारी रात्री पाव किलो जुना तांदूळ धुऊन भिजत घालायचा. सोमवारी आणि मंगळवारी रात्री पाणी बदलायचं, नाहीतर तांदळाला उग्र वास येतो. बुधवारी रात्री तो उपसून पंचावर पसरायचा. दाणा हाताला ओलसर लागावा, पण बोटाला पाणी लागता कामा नये. कडक वाळला तर पीठ गुळात मिळून येत नाही. मग मिक्सर, बारीक चाळणी, तांदळाच्या वजनाइतका किंवा किंचित कमी किसलेला गूळ आणि चमचाभर तूप. गूळ चिकीचा नको, साधाच. गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले, की रविवारपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. रोजचं काम ऑफिसातून आल्यावर उरकण्याजोगं; बुधवारची रात्र मात्र जरा जड जाते.

कार्यशाळेत शिकायचं ते थापणं आणि तळणं. प्लास्टिकच्या कागदावर खसखस पसरून त्यावर छोटी गोळी थापायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवरच्या तुपात अलगद सोडायची. उलटायचं नाही, झाऱ्याने तूप वर उडवत राहायचं. जाळी सोनेरी झाली की अनारसा चाळणीत उभा करून निथळू द्यायचा. चाळणी यादीत आहे ती एवढ्यासाठी.

एखादीचा पहिलाच अनारसा कढईत पसरतो, विरघळू लागतो. ‘हसला गं!’ शेजारची म्हणतेच.

म्हणजे गूळ जास्त झालाय किंवा पिठात ओल राहिलीय. त्यासाठीच यादीच्या शेवटी ‘त्याच तांदळाचं मूठभर पीठ, गूळ न घालता, फ्रीजमध्ये ठेवून आणावं’ अशी ओळ असते, आणि नेमकी तीच वाचायची राहून जाते. त्यातलं चमचाभर पीठ मळून घ्यायचं आणि पुन्हा एकच अनारसा सोडून पाहायचा, सगळा गोळा एकदम थापून ठेवायचा नाही. उलट अनारसा कडक झाला, जाळीच पडली नाही, तर पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा कुस्करून मळला की पीठ सैलावतं.

एका कढईत एका वेळी दोन-तीनच अनारसे मावतात, त्यामुळे दोन शेगड्यांवर दहा जणींचीच नावं घेतली जातात. उरलेल्यांनी पीठ करून ठेवलं असेल तर ते वाया जात नाही. गूळ घातलेलं पीठ कोरड्या डब्यात आणखी आठवडाभर सहज राहतं, आणि त्यांची तुकडी पुढच्या रविवारी बसते.