जांभळी व्हायल पिवळी झाली तर

ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या ड्रमवरच्या टेपच्या पट्ट्या काळ्या झाल्या की माल ‘झाला’ असं समजायची बऱ्याच ठिकाणी रीत आहे. पण त्या पट्ट्या सांगतात ते एवढंच, की हा ड्रम गरम वाफेत जाऊन आला. आत, कपड्यांच्या घड्यांच्या मधोमध, वाफ पोचली का आणि पुरेसा वेळ टिकली का, हे टेपला कळत नाही. ते विचारायचं तर आत काहीतरी जिवंत ठेवावं लागतं आणि ते मेलं का हे पाहावं लागतं.

यासाठी निवडलेला जीव म्हणजे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. 1920 मध्ये डोंक नावाच्या संशोधकाने डबाबंद मक्याच्या नासलेल्या डब्यांतून त्याचं वर्णन केलं. कारखान्यात उकळून, शिजवून, झाकण लावून बंद केलेल्या डब्यातही तो तग धरून होता. हा जंतू माणसाला आजारी पाडत नाही, त्याला वाढायला 55 ते 60 अंशांची ऊब लागते, आणि अडचणीच्या काळात तो जे बीजाणू करतो ते ओल्या उष्णतेला फार चिवट असतात. परीक्षक म्हणून तो म्हणूनच सोयीचा.

बाजारात मिळणाऱ्या व्हायलमध्ये असे साधारण 10 लाख बीजाणू कागदाच्या छोट्या पट्टीवर वाळवलेले असतात. त्याच प्लास्टिकच्या नळीत काचेची एक नाजूक कुपी असते, तिच्यात जांभळा द्रव म्हणजे जंतूंचं खाद्य. सायकल संपून व्हायल थंड झाली की ती दाबायची, काच फुटते आणि द्रव पट्टीवर येतो. मग ती इनक्युबेटरमध्ये ठेवायची. बीजाणू जिवंत असतील तर ते वाढतात, आम्ल तयार होतं आणि जांभळा रंग पिवळा होतो. निकालाला 24 ते 48 तास लागतात. एंझाइमची चमक वाचणाऱ्या नव्या यंत्रांत हेच काम तासाभरात किंवा त्याहूनही लवकर होतं.

आता आकडेमोड, कारण सगळी गोम तिथे आहे. प्रत्येक लॉटसोबत एक प्रमाणपत्र येतं. त्यावर बीजाणूंची संख्या आणि ‘डी व्हॅल्यू’ छापलेली असते. 121 अंशांना 90 टक्के बीजाणू मरायला लागणारी मिनिटं म्हणजे डी व्हॅल्यू. समजा ती 2 मिनिटं आहे. दर 2 मिनिटांनी दहातले नऊ जातात: 10 लाखांचे 1 लाख, मग 10 हजार, मग 1 हजार. 12 मिनिटांनी सरासरी एक उरतो. पण आपल्याला ‘एक उरला’ नको, ‘10 लाख व्हायलींमध्ये एखादाच उरण्याची शक्यता’ एवढी खात्री हवी. त्यासाठी आणखी 12 मिनिटं द्यायची, एकूण 24. सायकल प्रमाणित करताना तंत्रज्ञ मुद्दाम अर्ध्याच वेळाची सायकल का चालवतात याचं उत्तर यात आहे. अर्ध्या वेळेत सगळ्या व्हायली मेलेल्या निघाल्या, आणि तेही लागोपाठ तीनदा, तर पूर्ण वेळेत दुप्पट फरकाची खात्री मिळते. पूर्ण सायकलच तपासत बसलो तर काठावरची सायकल आणि भक्कम सायकल यांत फरकच दिसत नाही.

व्हायल ठेवायची तीही सोप्या जागी नाही. रिकाम्या चेंबरच्या मधल्या कप्प्यात ठेवली तर ती नेहमीच पास होणार. ती सर्वांत घट्ट भरलेल्या ड्रमच्या पोटात, आणि तो ड्रम खालच्या कप्प्यात ड्रेनजवळ ठेवतात, कारण हवा वाफेपेक्षा जड असते आणि तिथेच रेंगाळते.

आता एक प्रसंग रचू. लहान इस्पितळ, साधा आडवा ऑटोक्लेव्ह, 121 अंश, 15 पौंड दाब, 30 मिनिटं. सोमवारी व्हायल लावली. बुधवारी सकाळी ती पिवळी. सिस्टरने आधी पाहिली ती दुसरी व्हायल, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली, त्याच लॉटमधली. तीही पिवळी होती, म्हणजे बीजाणू धडधाकट आहेत आणि इनक्युबेटर नीट चालतो. ही दुसरी व्हायल जांभळीच राहिली असती तर त्या दिवशीच्या चाचणीला काही अर्थच उरला नसता, आणि ‘पास’ व्हायलींनाही नसता. या कंट्रोल व्हायलीचा खर्च वाचवणारे बरेच आहेत. तो कुठे वाचतो हे मला अजून कळलेलं नाही.

मग नोंदवही. तापमान 121, दाब 15, वेळ 30, सगळं ठीक. टेप काळी. सिस्टरने ऑटोक्लेव्ह सांभाळणाऱ्या मामांना विचारलं, “मामा, ड्रमची भोकं उघडी होती ना?” मामा जरा थांबून म्हणाले, “सिस्टर, घाईत तशीच राहिली असतील.”

ड्रमच्या बाजूला सरकपट्टीची भोकं असतात. ती आत ठेवताना उघडायची, बाहेर काढताना बंद करायची. ती बंद राहिली तर आतली हवा कोंडते. ड्रेनचा थर्मामीटर 121 दाखवतो, पण ड्रमच्या पोटात, धरू या, 112च अंश होते. तापमान 10 अंशांनी उतरलं की मारण्याचा वेग साधारण दहावा होतो. 9 अंशांनी आठवा. म्हणजे 2 मिनिटांची डी व्हॅल्यू 16 मिनिटांची झाली. 30 मिनिटांत 10 लाखांपैकी 13 हजारांच्या आसपास बीजाणू जिवंत राहिले. शिवाय कोंडलेली हवा कोरडी असेल तर मारा याहूनही मंद, कारण कोरडी उष्णता वाफेच्या मानाने फार दुबळी असते.

याचा अर्थ त्या ड्रममधला प्रत्येक टॉवेल रोगजंतूंनी भरलेला होता असा नाही. धुतलेल्या कपड्यावर 10 लाख चिवट बीजाणू नसतात, आणि बहुतेक रोगजंतू याच्या मानाने लवकर मरतात. पिवळी व्हायल सांगते ती इतकंच, की आपण जी दुप्पट खात्री धरून चाललो होतो ती या सायकलमध्ये नव्हती. धनुर्वातासारखे बीजाणू असणाऱ्या जंतूंसाठी ती खात्रीच तर हवी असते.

पुढचं काम क्रमाने. तो ऑटोक्लेव्ह बंद. त्या लोडमधलं न वापरलेलं सामान परत बोलवून नव्याने निर्जंतुक करायचं. मग भोकं उघडी ठेवून, तोच लोड, तीच जागा, पुन्हा व्हायल. ती जांभळी राहिली तर चूक भरण्याची होती. पुन्हा पिवळी झाली तर दोष यंत्रात शोधायचा: दाराचं गॅस्केट, ड्रेनची जाळी, वाफेत मिसळलेलं पाणी. मोठ्या दुरुस्तीनंतर लागोपाठ तीन सायकलींच्या व्हायली जांभळ्या आल्याखेरीज यंत्र वापरात घेत नाहीत.

दरम्यान वापरून झालेल्या सामानाचं काय, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की एकाच व्हायलीवरून, यंत्र किंवा पद्धत सदोष ठरत नसेल तर, इम्प्लांट सोडून बाकीचं सामान मागे बोलवायची गरज नाही. कडक पद्धत म्हणते, शेवटच्या जांभळ्या व्हायलीपासूनचे सगळे लोड संशयित. आपल्या प्रसंगात पद्धतच सदोष निघाली, त्यामुळे पहिली सवलत लागू होत नाही. व्हायल आठवड्यातून एकदाच लावली जात असेल तर हा मागचा शोध आठवडाभराचा होतो. इम्प्लांट असलेल्या प्रत्येक लोडला व्हायल लावून निकाल येईपर्यंत ते थिएटरला द्यायचंच नाही, असा नियम त्यासाठीच आहे. सिस्टरने नोंदवही उघडली तेव्हा ड्रम क्रमांकासमोर रुग्णांचे केस क्रमांक लिहिलेले होते, म्हणून त्या आठवड्यात कुणावर कोणता ड्रम उघडला गेला हे दुपारपर्यंत सर्जनच्या टेबलावर पोचलं.