इन्व्हर्टरवर पंखा का गुरगुरतो?

लाइट जाते, इन्व्हर्टर कट् करून सुरू होतो आणि इतका वेळ मुकाट फिरणारा छताचा पंखा गुरगुरायला लागतो. वेगही जरा उतरतो. बॅटरी नवी असते, तिच्यात पाणी घातलेलं असतं, तरी हे होतंच. मग कोणी पंख्याचा कंडेन्सर बदलतं, कोणी बेअरिंग. खरी गोम असते ती इन्व्हर्टर बाहेर टाकतो त्या विजेच्या आकारात.

खांबावरून घरात येणाऱ्या विजेचा दाब सतत बदलत असतो. शून्यापासून तो हळूहळू 325 व्होल्टपर्यंत चढतो, तसाच उतरतो, मग उलट्या दिशेने तेवढाच जातो. असा फेरा सेकंदाला 50 वेळा होतो. आपण जे 230 व्होल्ट म्हणतो, ती या चढउताराची कामाच्या हिशेबाने काढलेली किंमत आहे. हा सगळा प्रवास झोपाळ्यासारखा असतो, कुठेही हिसका नाही. हीच साइन वेव्ह.

बॅटरीतली वीज मात्र एकाच दिशेने वाहते. तिला उलटसुलट करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे इन्व्हर्टरमधल्या मॉसफेटनी ती नुसती चालू-बंद करायची. अशा इन्व्हर्टरमध्ये दाब शून्यावरून एकदम 325 वर उडी घेतो, तिथे साधारण 5 मिलिसेकंद थांबतो, धाडकन शून्यावर येतो, 5 मिलिसेकंद तिथे थांबतो आणि मग उलट्या बाजूला तेच करतो. पुस्तकात याला मॉडिफाइड साइन वेव्ह म्हणतात. आपल्याकडच्या दुकानात 'स्क्वेअर वेव्ह' म्हणून मिळणारे बरेचसे इन्व्हर्टर याच जातीचे. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर हेच मॉसफेट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, प्रत्येक वेळी कमीजास्त काळ, आणि पुढे फिल्टर लावून त्यातून गोलाई काढतो. जास्त पैसे जातात ते त्यासाठी.

आता पंख्याकडे येऊ. चौकोनी लाटेचा गणिती हिशेब मांडला, तर तिच्यात 50 हर्ट्झची मूळ लाट निघते ती जेमतेम 207 व्होल्टची. बाकीचा भाग 150, 250, 350 अशा वरच्या कंपनांमध्ये विखुरलेला असतो. पंख्याची मोटर फिरते ती मुख्यतः त्या 50 हर्ट्झच्या जोरावर. दाब दहा टक्के घटला की फिरवण्याची ताकद सुमारे वीस टक्के घटते, म्हणून वेग उतरतो. वरची कंपनं पंखा फिरवायच्या कामी फारशी येत नाहीत. ती वेटोळं तापवतात आणि आतल्या लोखंडी पत्र्यांना थरथरवतात. ऐकू येते ती हीच थरथर. पंखा यामुळे दोन दिवसांत जळत नाही, पण रोज चार-सहा तास इन्व्हर्टरवर चालत असेल तर जास्तीच्या उष्णतेने त्याचं आयुष्य घटतं. कंडेन्सर असलेल्या नव्या स्टेप रेग्युलेटरवर गुरगुर वाढते. नॉब पूर्ण पाचवर नेला की कंडेन्सर वाटेतून बाजूला होतो आणि आवाज बराच बसतो. घरी करून बघण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे मेकॅनिकचा मीटरही इथे फसतो. साधा मल्टिमीटर समोर साइन वेव्हच आहे असं धरून आकडा काढतो. वर सांगितलेल्या चौकोनी लाटेवर तो 230 ऐवजी 180 व्होल्टच्या आसपास दाखवेल. मग 'इन्व्हर्टर व्होल्टेज कमी देतोय' असं निदान होतं आणि कोणीतरी आतला स्क्रू पिळून दाब वाढवतो. तसं केलं की पंखा सुधारतो थोडा, पण बाकी घराला 230 पेक्षा बरंच जास्त व्होल्टेज जायला लागतं. 'ट्रू आरएमएस' लिहिलेला मीटर असेल तरच या आकड्यावर विश्वास ठेवावा.

पंख्यापेक्षा वाईट हाल होतात ते एका अगदी क्षुल्लक वस्तूचे. डास मारायची चार्जिंगची रॅकेट, स्वस्त टॉर्च, भिंतीतला छोटा नाइट लॅम्प. यांच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. 230 व्होल्ट उतरवायला फक्त एक कपॅसिटर असतो आणि त्याच्या जोडीला एक लहानसा रेझिस्टर. कपॅसिटर 0.47 मायक्रोफॅरडचा आणि रेझिस्टर 100 ओहमचा धरला, तर घरच्या विजेवर सुमारे 34 मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि रेझिस्टरमध्ये जळते ती जेमतेम 0.12 वॅट उष्णता. अर्ध्या वॅटचा रेझिस्टर ती सहज पेलतो. पण कपॅसिटरचा स्वभाव असा, की दाब जितका झटकन बदलेल तितका प्रवाह तो जाऊ देतो. चौकोनी लाटेत दर सेकंदाला 200 उड्या असतात आणि प्रत्येक उडीला प्रवाह क्षणभर काही अँपिअरपर्यंत उसळू शकतो. उड्या अगदी तीव्र असतील तर त्याच रेझिस्टरमध्ये 5 वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. काही इन्व्हर्टरमध्ये कडा थोड्या बोथट असतात, तिथे आकडा कमी येतो. तरीही अर्ध्या वॅटचा तो रेझिस्टर टिकणं कठीण. रात्री लाइट गेली, रॅकेट प्लगलाच राहिली आणि सकाळी ती बंद पडली, असं झालं असेल तर याच रेझिस्टरवर संशय घ्यावा. आत करपल्याचा डाग सापडतो.

उलट ज्यांची काळजी लोक सगळ्यात जास्त करतात, ते लॅपटॉप, मोबाइलचे चार्जर, राउटर आणि टीव्ही बहुधा निवांत असतात. आलेली वीज ते आधी एकदिश करून घेतात, मगच पुढचं काम. लाट गोल की चौकोनी, याचं त्यांना फारसं सोयरसुतक नाही. बीएलडीसी पंख्याचंही तसंच, म्हणून तो स्क्वेअर वेव्हवर गुरगुरत नाही. अपवाद आहे तो काही डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा. त्यातली अ‍ॅक्टिव्ह पीएफसीची जोडणी चौकोनी लाटेवर अडखळते आणि मशीन बंद पडू शकतं.

फ्रिज आणि पाण्याचा पंप यांना मात्र चौकोनी लाटेवर लावूच नये. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. मूळ लाटच दुबळी असली तर तो फिरत नाही, नुसता तापतो आणि ओव्हरलोड त्याला तोडतो. फ्रिजच्या मागून दर काही मिनिटांनी 'टक्' आणि पाठोपाठ घरघर ऐकू आली, तर लगेच प्लग काढा. मायक्रोवेव्हमध्ये अन्न नीट गरम होत नाही, लेझर प्रिंटरमधला हीटरचा कंट्रोल बिघडू शकतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा झोपेतला सीपॅप घरात असेल तर काटकसरीचा विचारही करू नये.

विकत घेताना एक घोळ नेहमी होतो. इन्व्हर्टरच्या पाठीमागे 'यूपीएस मोड' असं बटण असतं आणि विक्रेता त्यावर बोट ठेवून 'कॉम्प्युटर चालतो' म्हणतो. त्या बटणाने लाइट गेल्यावर बॅटरीवर यायचा वेळ कमी होतो आणि किती कमीजास्त व्होल्टेज आत घ्यायचं ते ठरतं. लाटेचा आकार त्याने बदलत नाही. खोक्यावर 'प्युअर साइन वेव्ह' असं स्पष्ट छापलेलं हवं. 'क्वासी', 'स्टेप' किंवा 'सिम्युलेटेड' असं काही लिहिलेलं असेल तर तो चौकोनीच समजावा. साइन वेव्हने बॅकअपचे तास मात्र फारसे वाढत नाहीत, त्यामुळे तसं आश्वासन कोणी दिलं तर मनावर घेऊ नका.

घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चांगला चालत असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. त्यावर चांगल्या कंपनीचे एलईडी दिवे, राउटर, मोबाइल आणि जमल्यास बीएलडीसी पंखे ठेवा, फ्रिजचं आणि पंपाचं वायरिंग इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून घ्या, आणि लाइट गेली की डासांची रॅकेट प्लगमधून काढा.